एका मुलासाठी दहा मिनिटं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या पंधरवड्यातच पालकसभेची सूचना निघते. त्या दिवशी वर्गात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पालक मुलांच्या बाकांवर अवघडून बसतात, बाई टेबलाशी असतात, हजेरी क्रमांकाने हाक येते, प्रगतिपत्रक पुढे सरकतं. "हुशार आहे हो, पण लक्ष नाही." "घरीपण तसंच आहे बाई, तुम्हीच जरा दम द्या." सही होते, पुढच्या क्रमांकाला हाक जाते. सगळं मिळून दीड मिनिट. मागच्या बाकांवरच्या तीस जणांनी ते ऐकलेलं असतं. 'लक्ष नाही' म्हणजे नेमकं कशात नाही, हे ना बाईंनी सांगितलेलं असतं ना पालकांनी विचारलेलं असतं.

याला पर्याय म्हणून अलीकडे बऱ्याच शाळा प्रत्येक पालकाला स्वतंत्र वेळ देऊ लागल्या आहेत, आणि ती वेळ बहुधा दहा मिनिटांची असते. या दहा मिनिटांत काय बसतं, काय बसत नाही आणि बोलण्याचा क्रम कसा असावा, याचा हा आढावा आहे. प्राथमिक शाळेत शिकवताना मी ही भेट वाईट रीतीनेही घेतली आहे आणि बऱ्या रीतीनेही. माझं मत आधीच सांगून टाकते. दहा मिनिटं पुरतात, पण एकाच अडचणीला पुरतात. आणि तीही पालकांना आधी बोलू दिलं तरच.

कायद्यापासून सुरुवात करू. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांशी नियमित भेटी घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना देणं हे त्यातलं एक आहे. म्हणजे ही भेट शाळेची हौस नाही, ती कायद्याने सांगितलेली आहे. मात्र ती किती वेळाची असावी याबद्दल कायदा बोलत नाही. शिवाय त्याची भाषा एकाच दिशेची आहे: शिक्षकाने सांगायचं, पालकाने ऐकायचं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने थोडी पुढची पायरी घेतली. समग्र प्रगतिपत्रक हा घर आणि शाळा यांमधला दुवा असेल आणि त्याला पालक-शिक्षक भेटींची जोड असेल, असं त्यात म्हटलं आहे. पण दुवा जोडायचा तर दोन्ही टोकं हलली पाहिजेत, आणि ते प्रत्यक्षात भेटीच्या आखणीवर ठरतं.

दहा मिनिटांचा हा साचा आला कुठून? जर्मनीच्या शाळांत 'एल्टर्नश्प्रेखटाग' नावाचा दिवस असतो, त्याचा शब्दशः अर्थ पालकांशी बोलण्याचा दिवस. पालक प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडे वेळ ठरवून घेतात, सहसा दहा मिनिटांची, आणि या खोलीतून त्या खोलीत जातात. इंग्लंडमध्ये ही भेट संध्याकाळी होते. माध्यमिक शाळांत तर एकेका विषयाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. कोविडनंतर तिथल्या अनेक शाळांनी या भेटी पडद्यावर नेल्या. वेळ भरली की जोडणी आपोआप तुटते, वाक्य अर्धं राहिलं असलं तरी. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी शाळांनी 30 जुलै 2016 रोजी एकाच दिवशी सगळीकडे पालकांना बोलावलं. सरकारी शाळेच्या दारात पालक सन्मानाने येऊ शकतो हे त्यातून लोकांना दिसलं. पण एका दिवसात सगळे पालक म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला येणारा वेळ तुटपुंजाच राहणार.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या मारिया पॅरेडेस यांनी उलटा विचार केला. सगळ्यांना सारखं सांगायचं ते वर्गाच्या एकत्र सभेत सांगायचं, वर्षातून तीनदा, सव्वा तास. आणि एकट्या पालकाशी वर्षातून एकदा अर्धा तास बोलायचं. आपल्या शाळांना अर्धा तास परवडणार नाही, पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सहल, गणवेश, परीक्षेचं वेळापत्रक, डबा, वह्यांची कव्हरं यांतलं एकही वाक्य स्वतंत्र भेटीत येता कामा नये. ते फळ्यावर लिहावं, सूचनेत द्यावं, सभेत सांगावं. दहा मिनिटांत ज्याला जागा हवी ते दुसऱ्या कुठल्याही मुलाबद्दल म्हणता येणार नाही असंच असावं.

आता घड्याळाचा हिशेब. पाचवीचा वर्ग, 36 मुलं. 36 भेटी, दहा-दहा मिनिटांच्या, म्हणजे सरळ सहा तास, असा हिशेब कागदावर मांडणारा माणूस पहिल्याच तासाला फसतो. माझंही तसंच झालं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत मी दहा-दहा मिनिटांच्या वेळा एकाला एक चिकटवून दिल्या. पहिले पालक चार मिनिटं उशिरा आले, दुसऱ्यांचं बोलणं पंधरा मिनिटं चाललं, आणि अकराची वेळ दिलेली एक आई पावणेबाराला मला न भेटता निघून गेली. कामाचा अर्धा दिवस खाडा करून ती आली होती. पुढच्या भेटीला ती आली नाही, आणि का आली नाही हे मला विचारण्याची गरज नव्हती.

तेव्हापासून मी दहा मिनिटांच्या भेटीला बारा मिनिटांची जागा देते. वरची दोन मिनिटं गप्पांसाठी नाहीत. पालक उठले की ठरलेलं कार्डावर लिहायचं, पुढच्या मुलाचं कार्ड आणि वही वर घ्यायची, पाण्याचा घोट घ्यायचा. त्यातच ती संपतात. बाराच्या हिशेबाने तासाला पाच पालक होतात. सकाळी आठ ते बारा या चार तासांत वीस जागा बसतात. त्यांतल्या अठराच द्यायच्या. सहा पालक झाले की एक जागा मोकळी, पुन्हा सहा झाले की दुसरी मोकळी. म्हणजे 9.12 ते 9.24 आणि 10.36 ते 10.48 ही दोन घरं वेळापत्रकात कोरी असतात. उशीर झाला असेल तर तो तिथे जिरतो, झाला नसेल तर घसा शांत होतो. उशीर तिसऱ्या फेरीपर्यंत साचला नाही तर शेवटचा पालक पहिल्याइतकाच ताज्या बाईंना भेटतो. 36 मुलांसाठी अशा दोन शनिवारच्या सकाळी लागतात. एकाच सकाळी सगळे उरकायचे म्हटले तर प्रत्येकाला सात मिनिटंही येत नाहीत, आणि मग आपण पुन्हा त्या दीड मिनिटाच्या वाटेला लागतो.

कोणाला कोणती वेळ, हेही हजेरी क्रमांकाने ठरवू नये. दहा दिवस आधी मुलाबरोबर चिठ्ठी पाठवावी. तिच्यात दोनच गोष्टी विचाराव्यात: कोणती वेळ जमेल, आणि मुलाबद्दल काय बोलायचं आहे. रात्रपाळी करून येणारे सकाळी आठला येऊ शकतात, घरकामाला जाणाऱ्या बायांना दोन घरांच्या मधली वेळ लागते, भावंडं त्याच शाळेत असतील तर दोन वर्गांच्या वेळा लागोपाठ हव्यात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेक चिठ्ठ्यांवर कोरं येतं. तरी विचारावं, कारण ज्या पाच-सात चिठ्ठ्यांवर काही लिहून येतं त्यांची तयारी वेगळी करावी लागते.

तयारी म्हणजे प्रत्येक मुलाचं एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं. त्यावर चारच ओळी. हजेरी, जमतं अशी एक गोष्ट, वहीच्या पानासकट, अडतं अशी एक गोष्ट, तीही पानासकट, आणि पालकांना विचारायचा एक प्रश्न. एका कार्डाला पाच मिनिटं धरली तरी 36 कार्डांना तीन तास होतात. एका बैठकीत लिहायला गेलं तर विसाव्या कार्डानंतर सगळी मुलं सारखी दिसायला लागतात. रोज चार लिहिली तर नऊ दिवसांत होतात. पानाचा क्रमांक लिहिण्याचा आग्रह मी धरते त्याचं कारण असं की, ज्या विधानापुढे पान लिहिता येत नाही ते विधान बहुधा आपल्या मनातलं मत असतं. 'आळशी आहे' याला पान नाही. 'गुणाकार उभ्या मांडणीत जमतो, आडव्या मांडणीत चुकतो' याला आहे.

आता बोलण्याचा क्रम. पहिली आणि सगळ्यांत जुनी पद्धत म्हणजे प्रगतिपत्रक उघडून पहिल्या विषयापासून शेवटच्यापर्यंत वाचत जाणं. यात वेळ सगळा विषयांमध्ये वाटला जातो आणि ब-1, ब-2 अशा श्रेणी ऐकून पालकांच्या हाती काही लागत नाही. दुसरी पद्धत आधी कौतुक, मग तक्रार, मग पुन्हा कौतुक अशी. ती प्रशिक्षणांत शिकवली जाते, पण पालकांना ती दोन भेटींत ओळखू येते. कौतुक चालू असताना ते 'पण'ची वाट बघत बसतात. तिसरी पद्धत मुलालाच बोलायला लावण्याची. मूल स्वतःची वही उघडून आईवडिलांना दाखवतं, बाई बाजूला बसतात. ही मला मनापासून आवडते, पण तिला आधी वर्गात सराव लागतो आणि दहा मिनिटांत मूल स्वतःच्या अडचणीपर्यंत पोचतच नाही. चौथी पद्धत पालकांना आधी बोलू देण्याची. मी तिच्यावर येऊन थांबले. कशी ते एका भेटीवरून सांगते.

मुलगा पाचवीतला. आई दोन घरी स्वयंपाकाला जाते, म्हणून तिने 10.48ची वेळ मागितली होती. माझ्या कार्डावर लिहिलेलं होतं: नऊ दिवस गैरहजर, त्यांतले सहा सोमवार. जमतं: वालाच्या रोपाची उंची बारा दिवस रोज पट्टीने मोजून लिहिली आहे, परिसर अभ्यासाच्या वहीत. अडतं: मध्ये शून्य असलेली वजाबाकी, गणिताच्या वहीत. विचारायचं: सोमवारी काय होतं?

पहिलं मिनिट बसण्याचं आणि काय होणार ते सांगण्याचं. "या ताई, बसा. आपल्याकडे दहा मिनिटं आहेत. आधी तुमचं ऐकते, मग वहीतली दोन पानं दाखवते, आणि शेवटी पुढचे पंधरा दिवस काय करायचं ते ठरवू." वेळ आधीच सांगितली की नंतर घड्याळाकडे पाहणं उद्धट वाटत नाही. खुर्ची टेबलाच्या पलीकडे नको, कडेला हवी, म्हणजे वही दोघींना सुलटी दिसते.

दुसरं आणि तिसरं मिनिट पालकांचं. इथे प्रश्न कसा विचारतो यावर सगळं आहे. 'अभ्यास करतो का घरी?' असं विचारलं की पालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. मी विचारते, "शाळेतून आला की तो शाळेतलं काय सांगतो?" याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. त्या आईने मात्र पहिल्याच वाक्यात तक्रार केली. "काही सांगत नाही हो बाई. नुसता खेळतो. माझं तर ऐकतच नाही."

हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक भेटीत येतं, आणि आपण त्याला मान डोलावतो. डॅनिएल पिलेट-शोर या अमेरिकन अभ्यासिकेने तिथल्या पालक-शिक्षक भेटींचं प्रत्यक्ष चित्रण तपासलं. तिथेही पालक आपल्या मुलावर स्वतःहून टीका करतात, तर शिक्षक टीका लांबवतात आणि मऊ करून सांगतात, असं तिला दिसलं. आपल्याला मुलाचे दोष दिसतात, आपण डोळस पालक आहोत, हे दाखवण्याची ती रीत आहे. हे कळल्यापासून मी त्या वाक्याला 'हो ना' म्हणणं सोडलं. 'हो ना' म्हटलं की दोन मोठी माणसं एका गैरहजर मुलाविरुद्ध एक होतात, आणि घरी गेल्यावर त्याचा परिणाम त्या मुलाच्या पाठीवर होऊ शकतो. मी एवढंच म्हटलं, "बरं. आणि सोमवारी?"

मग ती सांगू लागली. नवरा दुसऱ्या गावी कारखान्यात कामाला. रविवारीच त्याला सुट्टी, म्हणून मायलेक शनिवारी रात्री तिकडे जातात. परतीची गाडी सोमवारी सकाळची, ती शाळेच्या वेळेत पोचत नाही. मुलाला बाप आठवड्यात एकच दिवस दिसतो. मी कार्डावर 'सहा सोमवार' लिहिताना माझ्या मनात जे होतं त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. हे कळायला पावणेदोन मिनिटं लागली होती. मी आधी बोलले असते तर हजेरीबद्दल चार शब्द सुनावले असते आणि तिने ते खाली मान घालून ऐकून घेतले असते.

चौथं मिनिट जमतं त्या गोष्टीचं. मी रोपाच्या नोंदींचं पान तिच्यापुढे ठेवलं. बारा दिवस, बारा आकडे, एकही खाडा नाही. त्यात दोन सोमवारही होते. रोप तो पिशवीतून सोबत घेऊन गेला होता, हे मला तेव्हा तिच्याकडूनच कळलं. कौतुक असं पानावर बोट ठेवून केलं की ते पालकांना सांत्वन वाटत नाही.

पाचवं आणि सहावं मिनिट अडचणीचं. वहीत 352 वजा 178 हे गणित बरोबर होतं, 174. त्याच पानावर 402 वजा 178 याचं उत्तर 234 लिहिलेलं होतं, आणि 503 वजा 267 याचं 246. बरोबर उत्तरं 224 आणि 236. दोन्हीकडे बरोबर दहाचा फरक. म्हणजे मुलाला वजाबाकी येत नाही असं नाही, हातचा घेता येत नाही असंही नाही. शतकातून एक घेतला की शून्याच्या जागी दहा होतात हे त्याला कळतं. पण त्या दहातून एक एककाला दिल्यावर तिथे नऊ उरतात, हे तो विसरतो आणि दहातूनच वजा करतो. गंमत म्हणजे हा भाग मी वर्गात एका सोमवारी शिकवला होता. 'गणितात कच्चा आहे' हे वाक्य आणि 'शून्याच्या जागी नऊ लिहायचं विसरतो' हे वाक्य, यांतल्या दुसऱ्यावर घरी काहीतरी करता येतं.

सातवं आणि आठवं मिनिट त्या 'काहीतरी'चं. आई म्हणाली, "मी सातवीपर्यंतच शिकले, मला कुठून येणार?" मी विचारलं, पगाराचे पैसे कोण मोजतं? तीच मोजत होती. मग टेबलावरच केलं. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी, म्हणजे 402. त्यातले 178 द्यायचे आहेत. सुटे नाहीत, म्हणून शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या. आठ रुपये द्यायला अजून चिल्लर कमी, म्हणून दहाची एक मोडली. "आता दहाच्या किती उरल्या?" "नऊ," ती लगेच म्हणाली. मुलाला एवढंच विचारायचं, रोज दोन गणितांना, दहा दिवस: दहाच्या किती उरल्या? नोटा नसतील तर कागदाचे कपटे चालतील. शाळेच्या बाजूने मी एक गोष्ट कबूल केली. सोमवारी नवीन काही शिकवलं तर मंगळवारी परिपाठानंतर त्याला दहा मिनिटं वेगळं बसवीन. घराकडे एक काम, शाळेकडे एक काम. तिसरं जोडलं की तिन्ही होत नाहीत, हा माझा अनुभव पक्का आहे. सोमवारची गाडी बदलण्याचा सल्ला मी दिला नाही. आठवड्यात एकदा दिसणारा बाप एका तासिकेपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं, आणि सहा सोमवारांचं नुकसान शाळेला भरून काढता येतं.

नववं मिनिट ठरलेलं पुन्हा म्हणण्याचं, पण ते बाईंनी म्हणायचं नाही. "ताई, घरी गेल्यावर त्याला काय सांगाल?" असं विचारावं. ती म्हणाली, "वाल मोजल्याबद्दल बाईंनी शाबासकी दिली, आणि रोज नोटा मोडायचा खेळ खेळायचाय." तिने 'शाबासकी' आधी घेतली होती. तिने वेगळं काही सांगितलं असतं, म्हणजे 'गणित सुधार म्हणाल्या बाई' असं, तर माझं सांगणं चुकलं हे मला तिथेच कळलं असतं आणि दुरुस्त करायला मिनिटभर हाताशी होतं.

दहाव्या मिनिटाला तारीख. सोळाव्या दिवशी वहीत याच जातीची तीन गणितं देणार आणि वही घरी पाठवणार, सही करून परत यायची. ज्या भेटीतून तारीख निघत नाही ती पुढच्या सत्राच्या भेटीत पुन्हा तशीच होते.

ही भेट नीट झाली, पण सगळ्या होत नाहीत. सगळ्यांत जास्त बिघाड होतो तो उठताना. पालक उभे राहतात, पिशवी उचलतात, दारापाशी थांबतात आणि म्हणतात, "बाई, आणखी एक होतं..." आणि तीच खरी गोष्ट असते. शेजारचा मुलगा डबा काढून घेतो. रात्री अंथरूण ओलं होतं. घरात भांडणं चालू आहेत. डॉक्टरांच्या खोलीतही असंच होतं. संभाषणाचे अभ्यासक जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर केलेला प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. तपासणीच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी 'आणखी काही आहे का' हा प्रश्न दोन वेगळ्या शब्दांत विचारला. एक शब्द नकाराकडे झुकणारा होता, दुसरा होकाराकडे. होकाराकडे झुकणाऱ्या शब्दाने रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. आपल्या भाषेत हा फरक आणखी ठसठशीत आहे. "काही शंका नाही ना?" या प्रश्नातल्या 'नाही ना'ने दार लावूनच टाकलं. "आणखी काय बोलायचं मनात आहे?" म्हटलं की दार उघडं राहतं. आणि तो प्रश्न शेवटी नको, तिसऱ्या मिनिटाच्या अखेरीस हवा, म्हणजे आलेल्या गोष्टीला जागा करता येते. माझी अडचणीची ओळ तेव्हा बाजूला ठेवावी लागली तरी चालेल. वजाबाकी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबेल, डबा काढून घेणं थांबणार नाही.

दुसरा बिघाड कानांचा. पुढचे पालक वर्गातच बसलेले असले तर कोणी खरं बोलत नाही. दोन खुर्च्या वर्गाबाहेर, दार लोटलेलं, आणि बाहेर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा ठेवलेला, म्हणजे थांबलेल्यांना पाहायला काही असतं. तिसरा बिघाड तुलनेचा. "अमक्याला किती पडले?" याला उत्तर एकच: त्याच मुलाची जूनची वही. ती टेबलावर असेल तर तुलना आपोआप त्याची त्याच्याशीच होते. आई आणि वडील दोघे आले आणि एकमेकांनाच दोष देऊ लागले तर वही मध्ये सरकवणं हाच उपाय मला आजवर लागू पडला आहे. आजी-आजोबा आले तर त्यांनाही तेवढाच वेळ आणि तोच क्रम. मूल दिवसभर त्यांच्याकडेच असतं.

काही गोष्टी दहा मिनिटांत आणूच नयेत. मूल वाचताना अक्षरं सतत उलटसुलट करत असेल, तिसरीपासून तसंच चालू असेल, तर शिक्षकाने निदान करायचं नाही. ते तपासणाऱ्या तज्ज्ञांचं काम आहे. भेटीत फक्त "मला हे दिसतंय, त्यावर आपण अर्धा तास वेगळं बसू" एवढंच म्हणून दिवस ठरवावा. मुलाच्या अंगावर वळ दिसले असतील, किंवा त्याने काही भयंकर सांगितलं असेल, तर ते पालकसभेच्या रांगेत विचारायचं नसतं, कारण समोर बसलेली व्यक्तीच त्यात असू शकते. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे, तिथे पालकांच्या भेटीची वाट पाहायची नसते. आणि जे पालक आलेच नाहीत त्यांच्यासाठी क्रम तोच राहतो, फोनवर. प्रश्न आधी, पान नंतर. फक्त पानाचा फोटो आधी पाठवावा लागतो.

त्या मुलाची वही सोळाव्या दिवशी घरी गेली. 604 वजा 258 याचं उत्तर 346 होतं, बरोबर. दुसरंही बरोबर. तिसऱ्यात, 1000 वजा 437 मध्ये, त्याने एका शून्याचे नऊ केले आणि दुसऱ्याचे करायचे राहिले. आईची सही होती आणि सहीखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाचशेची नोट मोडून बघते.'

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. वार्षिक नियोजनात पालकभेटीसाठी एकाऐवजी दोन सकाळी लिहा, आणि त्या दोन सकाळी त्या शिक्षकाला माहिती भरण्याचं, फोटो पाठवण्याचं किंवा दुसऱ्या वर्गावर बसण्याचं कुठलंही काम देऊ नका.